सदतिसाव्या प्रश्नाचं क्षेत्रफळ

हाताची घडी घातलेला शिवतेजचा फोटो कोपरखैरणेत अकरा ठिकाणी आहे. चौकातल्या फ्लेक्सवर, रिक्षांच्या पाठीवर, एका सार्वजनिक मुतारीच्या भिंतीवर आणि आमच्या फॉर्म्युला कार्डावर. मुतारीवरच्या फोटोने कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही. कार्डावरच्या फोटोने झालं.

शिवतेज शिखर अकॅडमीचा मालक आहे आणि मी तिथे अकरावी-बारावीला गणित शिकवतो. बावीस वर्षांपूर्वी तो तळवलीहून सायकलवर ज्युनिअर कॉलेजला यायचा आणि माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसायचा. बारावीला त्याला गणितात अठ्ठ्याण्णव मिळाले होते. आता पोरांसमोर मी त्याला शिवतेज सर म्हणतो आणि केबिनचं दार लागलं की शिवतेज म्हणतो. तो मला दोन्हीकडे सर म्हणतो, त्यामुळे त्याच्यावर नीट राग धरता येत नाही.

कार्डाचं असं झालं. पोस्टकार्डाएवढ्या जागेत इंटिग्रेशनची सगळी सूत्रं मी लिहून दिली होती. सब्स्टिट्यूशनची ओळ होती : f(x) = u ठेवा, म्हणून f′(x) dx = du. फ्लेक्सवाल्याने डाव्या कोपऱ्यात शिवतेजचा फोटो टाकला. शिवतेजला तो लहान वाटला. फ्लेक्सवाल्याने तो ओढून मोठा केला, तेव्हा घडी घातलेल्या हाताचं कोपर सरकत सरकत बरोबर f′(x) वर येऊन टेकलं. उरलं ते एवढंच : म्हणून dx = du.

अशी चार हजार कार्डं छापून, लॅमिनेट करून वाटली गेली. मुलांनी ती पाठ केली आणि त्यातून एक मंत्र तयार झाला, 'dx काढा, du लावा'. सुरुवातीला मी दर वर्गात सांगायचो की कोपराखाली काहीतरी आहे. मुलं हसायची. पुढे मीच सांगायचं सोडलं. मागच्या वर्षी कॅमेऱ्यासमोर माझी लेक्चरं रेकॉर्ड केली, तेव्हा घाईत मीही म्हणून गेलो, "dx काढा, du लावा, पुढे चला." ते आजही आमच्या टीव्हीवर रोज दुपारी लागतं.

टीव्हीचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. अकॅडमीत बारावीच्या दोन बॅचेस. शिखर बॅचमध्ये तीस मुलं, त्यांच्यासमोर मी स्वतः उभा राहतो. बाकीची सगळी पाया बॅचमध्ये, त्यांच्यासमोर भिंतीवर टीव्ही आणि टीव्हीत मी. पाया बॅचला शंका विचारायची असेल तर टीव्हीखाली एक खोका ठेवलेला आहे, त्यात चिठ्ठी टाकायची. खोक्याची किल्ली कुणाकडे आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही. कोण कुठे बसणार हे जूनमधल्या पन्नास प्रश्नांच्या निवड चाचणीवर ठरतं आणि मग वर्षभर बदलत नाही.

या वर्षी यादी चव्वेचाळीस मार्कांना तुटली. भाविकाला त्रेचाळीस होते.

भाविका बोनकोडे गावातली. पंढरी पाटलांची मुलगी. शांत, आणि शांत मुलांना असते तशी थोडी हट्टी. यादी लागली त्या दुपारी ती टीचर्स रूमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात प्रश्नपत्रिका आणि आलेखाचा कागद. मला वाटलं एका मार्काची भीक मागायला आली असेल. अशी मुलं दर वर्षी येतात, कधी कधी आईला घेऊन येतात. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

पण तिला मार्क नको होता. तिला तिची चूक हवी होती.

"सर, सदतिसाव्यात माझं कुठे चुकलं ते सापडत नाहीये," ती म्हणाली. "काल रात्रीपासून बघतेय."

सदतिसावा प्रश्न साधा होता. (2x+1)³ चं शून्य ते एक इंटिग्रल. पर्याय दहा, वीस, चाळीस, ऐंशी. कार्ड वाटलं त्या आठवड्यात भाविकाला कावीळ झाली होती, त्यामुळे तिच्याकडे कार्ड नव्हतं आणि मंत्रही नव्हता. तिने परीक्षेत कंस सरळ फोडला होता : 8x³ + 12x² + 6x + 1. एकेका पदाचं इंटिग्रल काढलं, एक घातला, दोन आणि चार आणि तीन आणि एक. दहा. आदल्या दिवशी लागलेल्या उत्तरसूचीत होतं वीस. मग तिने वर्गातल्या हेतलकडून कार्ड आणून कार्डाप्रमाणे केलं. 2x+1 ला u म्हटलं, x शून्य असताना u एक, x एक असताना u तीन, dx काढला, du लावला. u³ चं एक ते तीन. ऐंशी भागिले चार, वीस.

"कार्डाने वीस येतं. कंस फोडून दहा येतं. मी सहा वेळा फोडला, सर. सहाही वेळा दहाच येतं."

मी सूची पाहिली. सूची शिवतेजने कार्ड समोर ठेवून बनवली होती. खाली 'तपासले' असं लिहून सही होती. सही माझी होती. मी पहिले दहा आणि शेवटचे दहा प्रश्न तपासले होते, मधले तीस विश्वासावर सोडले होते. कुणाच्या विश्वासावर, हे आता आठवत नाही.

तिला लगेच सांगता आलं असतं की तुझं बरोबर आहे, घरी जा. मी सांगितलं नाही. एक तर सही माझी होती. दुसरं म्हणजे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि असं माणूस माझ्यासमोर बऱ्याच दिवसांनी आलं होतं. मी तिला बसायला सांगितलं आणि विचारलं की इंटिग्रल म्हणजे काय.

ती म्हणाली, वक्राखालचं क्षेत्रफळ. मी म्हटलं, ते पुस्तकातलं झालं, करतात काय ते सांग. तिने आलेखाच्या कागदावर उभ्या रेघा मारल्या. जमिनीच्या अरुंद अरुंद पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टीची उंची गुणिले रुंदी, आणि सगळ्यांची बेरीज.

"यात (2x+1)³ कोण?"

"उंची."

"आणि dx?"

ती थांबली. दोन वर्षं शिकलेल्या मुलांना या प्रश्नावर थांबताना मी पाहिलेलं आहे. बहुतेकांना dx म्हणजे वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम वाटतो. घातला तर बरं, नाही घातला तर मार्क कापत नाहीत.

"पट्टीची रुंदी," ती म्हणाली. "म्हणजे तो नसला तर नुसत्या उंच्या राहतील. नुसत्या उंच्यांची बेरीज म्हणजे क्षेत्रफळ नाही होणार."

"आता u घे. x जेव्हा अर्धा असतो तेव्हा u किती?"

"दोन. दोनाचा घन आठ. x ने केलं तरी उंची आठच येते. उंची नाही बदलली, सर."

"मग काय बदललं?"

तिने आधीच्या रेघेखाली दुसरी रेघ ओढली. वरच्या रेघेवर शून्य ते एक लिहिलं, खालच्यावर एक ते तीन. वरची लांबी एक. खालची लांबी दोन. ती दोन्ही रेघांकडे बघत राहिली, आणि मग तिने जे म्हटलं ते मी बत्तीस वर्षांत कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलं नाही.

"हे तर आमच्या चुलत आजोबांसारखं झालं. त्यांनी बांध मोजताना अर्ध्या मीटरची काठी आणलेली आणि प्रत्येक काठीला एक मीटर म्हणून मोजलेलं. बांध तोच, आकडा दुप्पट."

"मग बरोबर करायला काय करायचं?"

"प्रत्येक काठीला अर्धा मीटरच म्हणायचं. du म्हणजे एक काठी. dx म्हणजे तिचा अर्धा." तिने लिहिलं, dx = du/2. मग वीसच्या खाली दोन लिहिले आणि दहा आले. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. तिने विचारलं, "पण सर, कार्डाने बाकीची गणितं बरोबर येतात. 2x cos(x²) चं येतं. मी पुस्तकातून पडताळलं."

मी सांगितलं की तिथे dx गेलेला नसतो. x² ला u म्हटलं की 2x आणि dx दोघं मिळून du होतात. मुलांना दिसतं ते एवढंच की 2x नाहीसा झाला आणि dx चा du झाला. 2x तिथे आयता हजर असतो म्हणून गणित सुटतं. जिथे तो आयता नसतो तिथे आपल्याला तो द्यावा लागतो, आणि द्यायची आठवण राहावी म्हणूनच ती ओळ असते. मग मी तिला कार्डावरचं कोपर दाखवलं आणि त्याच्याखाली काय आहे ते लिहून दिलं.

भाविकाने कार्ड जवळ घेऊन बघितलं. शिवतेज सरांच्या शर्टाच्या बाहीवर बोट ठेवलं.

"शी," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण ते असं म्हणाली की मला टेबलावरचा चहा पिववला नाही.

जाताना तिने आलेखाचा कागद माझ्याकडे ठेवला. त्यावर तिने अजून एक काम केलेलं होतं. वक्राचं एक टोक एकच्या उंचीवर, दुसरं सत्तावीसच्या. दोन टोकं तिने सरळ रेघेने जोडली होती. त्या रेघेखालचं क्षेत्रफळ येतं चौदा. वक्र मधे पोट सोडून खाली लोंबतो, म्हणून त्याच्याखालचं चौदापेक्षा कमीच असणार. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वीस मावतच नाही'. हे तिने माझ्याकडे यायच्या आधीच काढलं होतं. म्हणजे उत्तर तिला माहीत होतं. तरीही ती चूक स्वतःची समजून शोधत होती, कारण सूचीवर माझी सही होती.

दुसऱ्या दिवशी तिने रेघोट्यांच्या कागदावर अर्ज दिला. मला जागा द्या, असं त्यात नव्हतं. प्रश्न दुरुस्त करा आणि मग ज्याची जागा असेल त्याला द्या, असं होतं.

मी तो घेऊन केबिनमध्ये गेलो. शिवतेज नव्या फ्लेक्सचा नमुना बघत होता. चाचणीत पहिला आलेल्या हितेशचा फोटो, पन्नासपैकी पन्नास, आणि मागे हाताची घडी घातलेला शिवतेज. मी दार लावलं आणि म्हटलं, शिवतेज, सदतिसावा चुकलाय. पन्नासपैकी पन्नास कुणालाच नाहीत.

त्याने अर्ज वाचला. मी फ्लेक्सच्या नमुन्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक चौकोन काढला, बाजू एक. त्यात पाव वर्तुळ काढलं, त्रिज्या एक. √(1−x²), शून्य ते एक. x ला sinθ म्हण, मी म्हटलं. उंची झाली cosθ. आता तुझं कार्ड लाव, dx काढ, dθ घाल. शून्य ते नव्वद अंश cosθ चं इंटिग्रल. उत्तर किती?

"एक," शिवतेज म्हणाला.

"आणि चौकोनाचं क्षेत्रफळ?"

तेही एकच. पाव भाकरी चौकोनी डब्यात ठेवली तर एक कोपरा रिकामा राहतो, हे तळवलीच्या माणसाला सांगायची गरज नव्हती. मी तरीही सांगत राहिलो. शिक्षकाला थांबता येत नाही. θ ची तीस तीस अंशांची तीन पावलं समान असतात, पण तेवढ्यात x आधी अर्ध्यापर्यंत जातो, मग पॉइंट आठशे सहासष्टपर्यंत, आणि शेवटच्या पावलात नुसता पॉइंट एकशे चौतीस सरकतो. काठी वाटेत आखडत जाते. इथे शेवटी दोनाने भागूनही सुटका नाही, प्रत्येक पट्टीला तिची तिची रुंदी द्यावी लागते. म्हणून dx = cosθ dθ. मग उंची गुणिले रुंदी cos²θ होते आणि उत्तर येतं π/4, पॉइंट सातशे पंच्याऐंशी. पाव वर्तुळाचं जे असतं तेच.

"सर," शिवतेज मायेने म्हणाला, "मला समजतं हे. तुम्हीच शिकवलंय मला. हाच चौकोन काढून शिकवलेला."

याची मी तयारी केलेली नव्हती. मला वाटत होतं तो विसरला असेल.

"मग?"

"मग काय, सर. कार्डं चार हजार घरांत गेलीत. आता सांगायचं की माझ्या कोपराखाली इंटिग्रेशन राहिलंय? आणि पोरांना उत्तर तर सापडतंच ना. सीईटीत वीस हा पर्याय असतोच."

मी म्हटलं की तो पर्याय असतो, कारण पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं की मुलं dx गाळतात. तो आपल्या मुलांसाठीच ठेवलेला असतो. शिवतेज म्हणाला, तेच तर. पोराला त्याचं उत्तर पर्यायात दिसलं की त्याचं टेन्शन जातं. पर्यायात उत्तरच नसेल तर पोरगं पॅनिक होतं. आपण कॉन्फिडन्स देतो, सर.

  मी बाहेर जाऊन वॉश बेसिनवर तोंड धुतलं आणि परत आलो. तोवर त्याने तोडगा काढला होता. येत्या रविवारी अकराला पालक सभा आहेच. तिथे भाविकाला फळ्यावर सोडवू द्या. पालक ठरवतील. आपण कशाला कुणावर लादायचं.

"पालक काय ठरवतील?"

"दहा का वीस ते," शिवतेज म्हणाला.

रविवारी सभेला पन्नासेक पालक आले. पहिल्या रांगेत हितेशचे वडील विलासशेठ होते, ज्यांच्या चार इमारती घणसोलीत उभ्या आहेत. पंढरी पाटील मागे दाराशी उभे होते, खुर्ची देऊनही बसले नाहीत.

भाविका फळ्यापाशी गेली. मला वाटलं होतं तिचा आवाज फुटणार नाही. तिने आधी दोन रेघा काढल्या, एक लांबीची आणि दोन लांबीची, आणि मग काठीची गोष्ट सांगितली. उंची तीच राहते, रुंदीचा आकडा दुप्पट होतो, म्हणून रुंदीला अर्धं म्हणायला विसरलं तर जागा फुकटची दुप्पट होते. dx काढून टाकणं म्हणजे कुठल्या काठीने मोजलं ते न सांगणं. पाच मिनिटं बोलली असेल. सूत्र तिने एकच लिहिलं.

आणि सभेला समजलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर समजलं नसेल अशी सबब कुणी देऊ नये. ही माणसं जमिनीची. शहर उभं राहताना कुणाच्या भाताची खाचरं गेली, कुणाची मिठागरं, आणि जे राहिलं त्याची प्रत्येकाने स्वतःच्या टेपने तीन तीनदा मोजणी केलेली. कुणीही मान हलवल्याशिवाय राहिलं नाही. विलासशेठ शेजाऱ्याला म्हणाले, पोरगी बरोबर बोलते, कार्पेट आणि बिल्टअपचं असंच असतं.

मागून पंढरी पाटील बोलले. "सर, मना येक सांगा. जमीन फुटात मोजली काय न मीटरात मोजली काय, जागा तवरीच हाय ना?"

मी म्हटलं, तेवढीच आहे.

"मंग ईस कुठशी आलं? मी चुलत्याशी दीड फुटासाठी सात वरसं बेलापूरच्या कोर्टात गेलेलो हाय. आसं कोन बोलला आसता तर जज्जानी भायेर काढला आसता."

लोक हसले. शिवतेजही हसला. मग त्याने टाळ्या वाजवून शांत केलं आणि अतिशय समजूतदारपणे मांडणी केली. भाविकाची पद्धत सुंदर आहे, तिचं कौतुकच आहे. प्रश्न एवढाच आहे की दहा धरलं तर शिखर बॅचमधल्या तीसपैकी सव्वीस मुलांचा एकेक मार्क जातो आणि त्यातली पाच मुलं बॅचबाहेर पडतात. पाच कोण, ते आज सांगत नाही.

खोलीतली हवा बदलली. प्रत्येक पालक मनातल्या मनात पाच मोजू लागला. आत्तापर्यंत मान हलवणारी बाई पर्स आवळून बसली.

"सूचीवर नंदकुमार सरांची सही आहे," शिवतेज म्हणाला. "सर तीस वर्षांवर शिकवतायत. सर, तुम्हीच सांगा."

मी उभा राहिलो आणि सांगितलं की सही माझी आहे, न बघता केलेली आहे, आणि उत्तर चूक आहे. उत्तर दहा.

 मग विलासशेठ म्हणाले की असे शिक्षक आता राहिले नाहीत, एका मुलीसाठी स्वतःवर घेतलं सरांनी. आणि टाळ्या पडल्या. मी आयुष्यात एवढं स्पष्ट काही बोललो नव्हतो, आणि त्याचा मनाचा मोठेपणा करून मला परत देण्यात आला. मी पुन्हा म्हणालो, उत्तर दहा आहे. पुन्हा टाळ्या.

मतदान हात वर करून झालं. वीससाठी एक्केचाळीस, दहासाठी सहा. कार्पेट-बिल्टअपवाले विलासशेठ दोन हात वर करून होते, त्यांचा एकच मोजण्यात आला. स्वतःच्या बांधावरून भावाशी बोलणं टाकलेले दोन गृहस्थ होते, त्यांनी शून्य ते एक या पट्ट्यात वीस कोंबून बसवले. एका वडिलांनी हात वर करताना माझ्याकडे बघून खांदे उडवले. त्यांची मुलगी पाचांतलीही नव्हती, पण धोका कोण घेणार.

भाविका हात मोजले जाईपर्यंत फळ्याशी उभी होती. मग तिने डस्टर घेतलं. मला वाटलं सगळं पुसेल. तिने फक्त दोन लांबीच्या रेघेचं टोकाबाहेर गेलेलं शेपूट पुसलं आणि डस्टर जागेवर ठेवलं. पंढरी पाटील तिला घ्यायला पुढे आले. माझ्याजवळून जाताना थांबले.

"वाटनीच्या टायमाला पन आसंच जाला होता," ते म्हणाले. "समद्यांना ठावं व्हता."

त्यात आरोप नव्हता. माझ्याकडे बघूनही बोलले नाहीत.

सोमवारी दुपारी दोनला शिखर बॅचचं पहिलं लेक्चर होतं. तीस मुलं, तीस खुर्च्या. भिंतीवर हितेशचा फ्लेक्स आला होता, पन्नासपैकी पन्नास. मी फळ्यावर (3x−1)² लिहिलं, त्याच्यापुढे dx लिहिला, आणि विचारलं की 3x−1 ला u म्हटलं तर या dx चं काय होईल.

"du," तीस जण म्हणाले. सुरात म्हणाले. पहिल्या बाकावरच्या हितेशने कार्ड वर करून दाखवलं. तो काही वाईट मुलगा नाही, त्याला खरोखर वाटत होतं की मी विसरलोय.

मी म्हटलं, कालच्या सभेत तुमच्या घरून कुणी आलं होतं का. सगळ्यांच्या घरून आले होते. भाविकाने काय सांगितलं ते घरी कुणी सांगितलं का. नाही. काय सांगितलं त्यांनी? एक मुलगा म्हणाला, "आपण जिंकलो म्हणाले, सर."

मी मार्कर खाली ठेवला. त्यांना एकतृतीयांश शिकवायला हरकत नव्हती. उद्या शिकवेन कदाचित. पण त्या क्षणी मला त्या खोलीत एक शब्दही काढावासा वाटेना. उकिरड्याजवळून जाताना आपण श्वास धरतो तसा मी धरून होतो आणि बोलायचं तर तो सोडावा लागला असता. मी हजेरीचा कागद हितेशकडे दिला आणि बाहेर आलो.

पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला पाया बॅचची खोली. दाराबाहेर चपलांचा ढीग, आतून माझाच आवाज येत होता. टीव्हीतला मी गेल्या वर्षीचा निळा शर्ट घालून उभा होतो, अगदी ताजातवाना. समोर सत्तर मुलं. बरीचशी मोबाइलवर. तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला भाविका, वही उघडी, टीव्हीकडे बघत.

"dx काढा," टीव्हीतला मी म्हणालो, "du लावा, पुढे चला."

भाविकाने ते वहीत उतरवलं नाही. हात वर केला. टीव्हीसमोर हात वर करून बसली होती, किती वेळ ते माहीत नाही. बाजूची मुलगी खुदकन हसली. टीव्हीतला मी पुढच्या गणिताला लागलो.

मी आत गेलो. सत्तर मुलं एकदा टीव्हीकडे आणि एकदा माझ्याकडे बघू लागली. रिमोट सापडेना. तो केबिनमध्ये असतो, शिवतेजच्या ड्रॉवरमध्ये. मी टीव्हीच्या मागे हात घालून वायर शोधत होतो, आणि माझा आवाज माझ्याच कानाशी सांगत होता की हे परीक्षेत हमखास येतं.

"सर, खाली डाव्या बाजूला बटण आहे," भाविका म्हणाली. "पण सरांना बंद केलं तर वरून फोन येतो."

मी बटण दाबलं. खोलीत पंख्यांचा आवाज उरला. कोपऱ्यातल्या इंटरकॉमची घंटा वाजायला लागली. मी शंकांचा खोका आडवा करून त्याच्यावर ठेवला, त्याने आवाज थोडा दबला. आतून दोन चिठ्ठ्या फटीतून बाहेर डोकावत होत्या.

"हात वर होता तुझा," मी म्हटलं. "विचार."

ती उभी राहिली. तिला काय विचारायचंय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी तिने पूर्ण वाक्यात विचारलं, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.

"सर, तो dx का काढायचा नाही?"

मी सगळ्यांना आलेखाचे कागद काढायला सांगितले.